एका महिन्याचं क्लोजिंग अर्जात उतरवा

प्रश्न: सहा वर्षं एका छोट्या कंपनीचे अकाउंट्स बघतोय. आता मध्यम आकाराच्या कंपनीत सिनियर अकाउंटंटच्या जागेसाठी अर्ज करतोय. अर्जात लिहिलंय, 'अकाउंटिंग सॉफ्टवेअरचं उत्तम ज्ञान, मंथ-एंड क्लोजिंग स्वतंत्रपणे हाताळतो, टॅक्स रिटर्न भरण्याचा अनुभव.' दोन ठिकाणी पाठवला, बोलावणं आलं नाही. काय कमी पडतंय?

उत्तर: लिहिलंय त्यात खोटं काही नसेल, पण हेच वाक्य सहा महिने नुसती व्हाउचर टाकलेला माणूसही लिहितो. मध्यम कंपनीत तुमचा अर्ज शेवटी फायनान्स मॅनेजर किंवा चीफ अकाउंटंटच्या टेबलावर जातो, आणि तो स्वतः दर महिन्याला क्लोजिंगच्या दिवसांत उशिरापर्यंत बसलेला असतो. हा माणूस घेतला तर त्यातलं कोणतं काम आपल्याला पुन्हा तपासावं लागणार नाही, एवढंच तो शोधतो.

म्हणून सॉफ्टवेअर, क्लोजिंग आणि टॅक्स ही तीन कौशल्यं सुटी सुटी लिहू नका. प्रत्यक्षात ते एकच काम आहे. एका महिन्याचं क्लोजिंग तुम्ही कसं करता ते चार-पाच वाक्यांत लिहिलंत, की तिन्ही गोष्टी त्यात आपोआप येतात.

सुरुवात कट-ऑफपासून करा, कारण क्लोजिंग लांबतं ते बहुतेक तिथेच. माल आलेला असतो, सेवा घेतलेली असते, पण बिल आलेलं नसतं. बिलाची वाट बघत बसणारा अकाउंटंट अकराव्या दिवशी पुस्तकं बंद करतो. ज्याला काम माहीत आहे तो दुसऱ्या कामकाजाच्या दिवसानंतर त्या महिन्याची बिलं घेणं थांबवतो, उरलेल्यांची पर्चेस ऑर्डर आणि माल आवक नोंदीवरून तरतूद करतो आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला ती तरतूद उलटवतो. हे 'उलटवणं' अर्जात आलंच पाहिजे. तरतूद सगळेच करतात, घोळ उलटवण्यात होतो.

समजा विजेच्या बिलाची 45,000 ची तरतूद केली. पुढच्या महिन्यात खरं बिल 47,200 चं आलं आणि तुम्ही ते पूर्ण खर्चात टाकलं. महिनाअखेरीला त्या महिन्याची 46,000 ची नवी तरतूदही केली. पहिली तरतूद उलटवलीच नसेल तर या महिन्यात वीजखर्च 93,200 दिसतो. उलटवली असेल तर 48,200, म्हणजे या महिन्याचे 46,000 आणि मागच्या अंदाजात कमी पडलेले 2,200. चूक ओळखायची खूणही सोपी आहे: तरतुदीच्या खात्यात 46,000 ऐवजी 91,000 उभे असतात. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये नोंद टाकतानाच उलटवण्याची तारीख देता येते. तुम्ही ती सोय वापरत असाल तर 'सॉफ्टवेअरचं उत्तम ज्ञान' या शब्दांऐवजी हे लिहा. ते वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आता टॅक्स. इथे तुमच्या अर्जात सगळ्यात मोठी पोकळी आहे. रिटर्न भरणं म्हणजे फॉर्ममध्ये आकडे टाकणं नव्हे. लेजरमधलं टॅक्सचं खातं आणि सॉफ्टवेअरचा टॅक्स रिपोर्ट यांचा मेळ बसल्यावरच रिटर्न जातं. तुम्ही हा मेळ घालत असाल तर एक खरं उदाहरण द्या. माझ्याकडे आलेलं एक सांगतो, आकडे बदलून.

टॅक्स रिपोर्ट म्हणत होता, विक्रीवरचा देय कर 3,86,400. लेजरचं खातं म्हणत होतं 3,81,000. फरक 5,400. एका ग्राहकाने 54,000 चा माल परत केला होता आणि त्यावर दहा टक्के कर होता. नोंद करणाऱ्याने क्रेडिट नोट न काढता साधी जर्नल एंट्री टाकली: विक्री परत 54,000 नावे, देय कर 5,400 नावे, ग्राहक 59,400 जमा. लेजरच्या दृष्टीने नोंद बिनचूक. पण तिथला टॅक्स रिपोर्ट टॅक्स कोड लागलेल्या बिलांवरून आणि क्रेडिट नोटांवरून बनायचा, त्यामुळे हाताने टाकलेली जर्नल त्याला दिसलीच नाही. रिपोर्टवरून रिटर्न भरलं असतं तर 5,400 जास्त गेले असते, आणि पैसे भरल्यानंतर देय कराचं खातं शून्यावर न येता 5,400 नावे बाकी दाखवत राहिलं असतं. अशी बाकी महिनोन्महिने तशीच पडलेली मी पाहिली आहे, 'राउंडिंग असेल' म्हणून सोडून दिलेली.

उपाय साधा: जर्नल रद्द करून क्रेडिट नोट काढली, रिपोर्ट पुन्हा चालवला, मेळ बसला, मग रिटर्न. त्यानंतर सॉफ्टवेअरमध्ये टॅक्सच्या खात्यावर थेट जर्नल टाकणं बंद करून ठेवलं. असं काही तुम्ही केलं असेल तर या एका उदाहरणात तुमची तिन्ही कौशल्यं आली.

तर परिच्छेद साधारण असा होईल: 'दरमहा सहाव्या कामकाजाच्या दिवशी पुस्तकं बंद करतो, पूर्वी अकरा दिवस लागत. दुसऱ्या दिवशी खरेदीचा कट-ऑफ, न आलेल्या बिलांची आपोआप उलटणारी तरतूद, चार बँक खात्यांचा मेळ आणि शेवटी पिरियड लॉक. टॅक्सचं लेजर आणि टॅक्स रिपोर्ट जुळल्यावरच रिटर्न तयार करतो. ते मालकांच्या मंजुरीनंतर बाहेरचे सल्लागार दाखल करतात.'

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलंय. छोट्या कंपनीत बऱ्याचदा रिटर्न तयार करणारा एक आणि दाखल करणारा दुसरा असतो. तुमच्याकडे तसं असेल तर 'भरलं' लिहू नका, 'तयार केलं' लिहा. मी तरुणपणी एका अर्जात 'क्लोजिंग स्वतंत्रपणे' असं ठोकून दिलं होतं. मुलाखतीत विचारलं, मागच्या महिन्याला सस्पेन्स खात्यात किती उरलं होतं आणि कशाचं? ते खातं आमचे वरिष्ठ बघायचे. मला उत्तर देता आलं नाही आणि मुलाखत तिथेच संपली.

नव्या कंपनीचं सॉफ्टवेअर तुमच्यापेक्षा वेगळं असेल तर ते लपवू नका, पण त्यावर परिच्छेदही खर्च करू नका. तुम्ही एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात शिल्लका नेल्या असतील तर मात्र जरूर लिहा. येणी आणि देणी नुसत्या एकूण आकड्याने न नेता बिलवार नेली, आणि नव्या-जुन्या ट्रायल बॅलन्सचा मेळ घातला, एवढं पुरे. एकूण आकडा नेणाऱ्यांना पुढे कोणतं बिल किती दिवस थकलंय हे सांगताच येत नाही, आणि वाचणाऱ्याने बहुधा ते भोगलेलं असतं.

आणि सध्याच्या कंपनीची खरी उलाढाल, ग्राहकांची नावं, कराच्या रकमा अर्जात टाकू नका. दिवस, खात्यांची संख्या, महिन्याला साधारण किती बिलं, इथवर ठीक. जो आजच्या मालकाचे आकडे बाहेर सांगतो तो उद्या आपलेही सांगेल, असा अर्थ फायनान्सवाले लगेच काढतात.