ते सहा एकर कुणाचे?

"सर, मी अमळनेर तालुक्यातला शेतकरी. मुलगी जळगावला एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गेल्या सत्रात ५१ टक्के. अभ्यासाला घरी आली, पण एकाच केसवर तीन रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसली. तिचा कागद पाठवतोय, नुसते आकडे आहेत. चौथ्या दिवशी सकाळी चहा घेताना आजीला विचारते, तुझा हिस्सा किती माहीत आहे का? आत्याने हक्कसोड का करून दिलं? सातबारा माझ्या आणि भावाच्या नावावर आहे, आईचं नाव नाही, विषय संपला. वडील १९९८ ला गेले, तेव्हापासून घरात वाद नाही. आता तिला वकिलीतून काढून तलाठी भरतीला लावावं म्हणतो. कसं समजवावं?"

नमस्कार भाऊ,

टक्क्यांना तुम्ही एक वाक्य दिलंत आणि चहाच्या वेळच्या प्रश्नाला जवळजवळ निम्मं पत्र. त्यामुळे मीही टक्क्यांपासून सुरुवात करत नाही. तिने आजीला काही विचारलं नसतं, तर नुसत्या ५१ टक्क्यांवर तुम्ही तिला कॉलेज सोडायला सांगितलं असतं का? मला तसं वाटत नाही. तिला तलाठी करायची घाई तुम्हाला त्या सकाळपासून झाली आहे, आणि मला काळजी वाटते ती याचीच.

तुमच्या परवानगीने मी मुलीशी फोनवर बोललो. तो कागद समोर ठेवूनच बोललो. त्या तीन रात्रींत काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगतो.

केस आहे गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम, सर्वोच्च न्यायालय, १९७८. सांगलीकडचं कुटुंब. खंडाप्पा मगदूम १९६० साली वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. एकत्र कुटुंबाची घरं, जमीन, दुकानं होती. हिराबाईंनी मुलांवर दावा लावला आणि ७/२४ हिस्सा मागितला. खालच्या कोर्टाने १/२४ दिला. उच्च न्यायालयाने ७/२४ दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. गाईडमध्ये हे चार ओळींत उरकलेलं असतं आणि बहुतेक मुलं "विधवेला ७/२४" एवढं पाठ करून पुढे जातात. तुमची मुलगी पुढे गेली नाही, कारण तिला तो आकडा काढता येईना.

जुना कायदा असा होता: एकत्र कुटुंबातला पुरुष वारला आणि त्याच्यामागे पत्नी, मुलगी असे वारस असले, की मृत्यूच्या आदल्या क्षणी घरात वाटणी झाली असं धरायचं. त्या मानीव वाटणीत मृताला जो हिस्सा आला असता, तो सगळ्या वारसांत सारखा वाटायचा. मुलीने पहिल्या रात्री सरळ हिशेब केला. बाप आणि दोन मुलगे, म्हणजे तीन हिस्से. बापाचा १/३, तो सहा वारसांत वाटला की प्रत्येकी १/१८. पुस्तकात मात्र छेद २४. तिने तेच गणित पाच-सहा वेळा केलंय, कागदाच्या डाव्या बाजूला दिसेल तुम्हाला. दर वेळी १८ च येतो. चूक बेरजेत नाही हे तिला कळलं, पण कुठे आहे ते कळेना.

दुसऱ्या रात्री तिला सापडलं. आपल्याकडे, म्हणजे हिंदू कायद्याच्या मुंबईकडच्या मिताक्षरा पद्धतीत, पत्नी स्वतःहून वाटणी मागू शकत नाही. पण नवरा आणि मुलं यांच्यात वाटणी झालीच, तर तिला मुलाइतका हिस्सा मिळतो. वर्गात यातलं पहिलं वाक्य घोटून घेतलं जातं आणि दुसरं घाईत निघून जातं. ते धरलं की हिस्से चार होतात: नवरा, बायको, दोन मुलगे. नवऱ्याचा १/४, त्याचे सहा भाग केले की १/२४. छेद जुळला.

पण मग नवा पेच पडला. खालच्या कोर्टाचा १/२४ आता बरोबर वाटायला लागला. पत्नीला वाटणी मागताच येत नाही, मग ती वाटणी फक्त नवऱ्याचा हिस्सा मोजण्यापुरती कागदावर धरली, असं का म्हणू नये? वरच्या कोर्टाने चौथाई कुठून आणून दिली? तिसऱ्या रात्री ती इथे अडकली होती. शेवटी तिने अपूर्णांक सोडले आणि कागदावर "समजा शेत २४ एकर" असं लिहिलं. कागदाच्या तळाशी आहे ते.

मग खालच्या कोर्टाप्रमाणे वाटून पाहिलं. दोन्ही मुलांना स्वतःचे सहा-सहा आणि बापाच्या सहातला एक-एक, म्हणजे सात-सात. तिघी मुलींना एक-एक. हिराबाईंना एक. बेरीज केली तर अठरा. चोवीसातले सहा एकर कुणाच्याच वाट्याला नाहीत!

तेच सहा एकर हिराबाईंचे. खंडाप्पाचा हिस्सा मोजताना बायकोला धरलं, म्हणून तो एक तृतीयांशावरून चौथाईवर आला. आणि द्यायची वेळ आली तेव्हा तिला वगळलं. सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं: वाटणी झाली असं एकदा धरलं, की तिचे सगळे परिणामही धरावे लागतात, हिशेब झाल्यावर ती पुसून टाकता येत नाही. सहा अधिक एक, सात एकर. ७/२४. तुम्ही ज्याला नुसते आकडे म्हणता, त्यातल्या शेवटच्या ओळीला तिने दोनदा अधोरेखित केलंय. रात्री दोन वाजून गेले होते म्हणाली.

तिथेही ती थांबली नाही, आणि तुमचा सगळा राग तिच्या पुढच्या ओळींतून आलाय. जुन्या हिशेबात भावाला सात एकर आणि बहिणीला एक. हेच खंडाप्पा आज वारले असते तर? ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगीही मुलासारखीच जन्माने हिस्सेदार आहे. मग आई, बाप आणि पाच मुलं असे सात हिस्से. बापाचा सातवा भाग पुन्हा सहा वारसांत. तिने करून पाहिलं तर प्रत्येकाला बरोबर चार एकर आले: आईला चार, मुलाला चार, मुलीला चार. हे रात्री हाताने मांडलेल्या मुलीने सकाळी आजीकडे पाहून काहीच विचारू नये, अशी अपेक्षा कशी करता येईल? आजी म्हणे हसून म्हणाली, "मना कसाना हिस्सा व बेटा?" आणि तुम्ही कप ठेवून उठून गेलात.

आता सातबाऱ्याबद्दल. "नाव नाही, विषय संपला" हे मी खानदेशात घरोघर ऐकतो, शिकलेल्या माणसांकडूनही ऐकतो, आणि ते चूक आहे. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. जमीन कोण कसतो, सारा कोणाकडून घ्यायचा, यासाठी तो ठेवला जातो. त्यावरची नोंद खरी मानून चालतात, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. फेरफार झाला म्हणून मालकी जन्माला येत नाही आणि नाव चढलं नाही म्हणून हिस्सा मरत नाही. हिस्सा वारसा कायद्याने ठरतो आणि वाद झाला तर दिवाणी कोर्ट ठरवतं. वडील गेल्यावर वारस नोंदीत आईचं नाव लागलं नसेल किंवा मागे केव्हातरी कमी केलं असेल, तर ते कोणत्या कागदाच्या आधारे, हे बघावं लागेल. आत्याचं हक्कसोड नोंदणीकृत असेल आणि त्यांनी समजून-उमजून राजीखुशीने सही केली असेल, तर पुतणीच्या प्रश्नाने ते मोडत नाही. तेवढी भीती सोडा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मुलीला कायद्यातून काढल्याने आजीचा हिस्सा कमी होत नाही. तो असेल तर आहेच, मुलीने वाचला काय आणि न वाचला काय.

मुलीलाही मी एक ऐकवलं. मगदूम केस फक्त एकत्र कुटुंबाच्या मिळकतीला लागते. तुमच्या वडिलांनी जमीन स्वतःच्या कमाईतून घेतली असेल, तर मानीव वाटणीचा प्रश्नच येत नाही, पत्नी आणि मुलं सगळी सारखी. मग आजी, तुम्ही, भाऊ, आत्या यांना सरळ पाव-पाव. वडिलोपार्जित असेल आणि आत्याचं लग्न महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीआधी, म्हणजे अविवाहित मुलगी हिस्सेदार होण्याआधी, झालेलं असेल, तर १९९८ च्या कायद्याने आजीचा आकडा ५/१६ येतो. हा पहिला प्रश्न न विचारता ती आजीला हिस्सा सांगायला निघाली, हे तिचं चुकलं. फोनवर बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "जमीन कशी आली ते मला माहीतच नाही." कायदा शिकणाऱ्या मुलीने आधी कागद मागावा, मग आकडा बोलावा.

५१ टक्क्यांचं कारणही मला इथेच दिसतं. तिला समजतं, पण समजलेलं उत्तरपत्रिकेत उतरत नाही. मी तिला सांगितलंय की प्रत्येक केस एका पानावर लिहायची: घटना काय, नेमका वाद काय, खालच्या कोर्टाने काय धरलं, वरच्याने ते का बदललं. या केसमध्ये १/१८ ची स्वतःची चूकही लिहायची, कारण परीक्षेत घाईत नेमकी तीच पुन्हा होते. आणि असा पेच पडला तर तीन रात्री घालवण्याआधी प्राध्यापकांना विचारायचं.

पुढच्या वाटा तुम्हाला ठाऊक असतील: पदवीनंतर सनद आणि बार कौन्सिलची परीक्षा, न्यायाधीश व्हायचं तर एमपीएससीमार्फत, आणि त्यासाठी तीन वर्षं वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा घातली आहे. तलाठी भरती पदवीधराला खुली असते, ती कुठे पळून जात नाही. तिला स्वतःला द्यायची असेल तर देऊ दे. तुम्ही गप्प करण्यासाठी लावणार असाल तर माझा साफ विरोध आहे. सुट्टीत तिला तालुक्याच्या कोर्टात दिवाणी काम करणाऱ्या एखाद्या वकिलाकडे बसवा. वाटपाच्या दाव्यात कोर्ट हिस्से ठरवतं, पण शेतजमिनीचे प्रत्यक्ष तुकडे पुढे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पडतात. चार एकर कागदावर येणं आणि बांधावर येणं यात किती वर्षं जातात, हे तिला तिथे दिसेल.

तिला कसं समजवावं, असं विचारलंत. माझ्या मते तिला समजवायचं काही नाही. तुम्ही तलाठी कार्यालयातून जुने फेरफार काढा, १९९८ ची वारस नोंद आणि जमीन मुळात कशी आली तो फेरफारही. आत्याच्या हक्कसोडाची नक्कल दुय्यम निबंधकाकडून घ्या. हे सगळं मुलीसमोर ठेवा आणि आईला शेजारी बसवा. तुमच्या भावालाही त्या दिवशी बोलावून घ्या, नाहीतर उद्या तो म्हणेल की माझ्या मागे कागद काढले.