पहिला पूर्ण मसुदा वाचून झाला, आता विद्यार्थ्याला पत्रात काय लिहायचं?

प्रश्न: पहिल्यांदाच पीएच.डी.चा गाईड झालोय. विद्यार्थिनीचा अख्खा कच्चा मसुदा वाचला. जमेच्या बाजू आणि त्रुटी सांगणारं पत्र कसं लिहू?

उत्तर:

शुद्धलेखन आणि संदर्भांच्या चुका मसुद्याच्या समासातच राहू द्या. पत्रात आल्या की विद्यार्थी आधी त्याच दुरुस्त करत बसतो, कारण त्या सोप्या असतात.

मी कोल्हापुरात अर्थशास्त्राचा गाईड आहे. माझ्या एका विद्यार्थ्याचा प्रबंध जिल्ह्यातल्या गुऱ्हाळांवर होता. पत्राच्या सुरुवातीला त्याचं म्हणणं मी माझ्या शब्दांत मांडलं : मजुरी वाढली म्हणून गुऱ्हाळं बंद पडली. लगेच फोन आला, "सर, तसं नाही. पैसे द्यायची तयारी असूनही गुळव्या मिळत नाही, हे माझं म्हणणं आहे." हे वाक्य अख्ख्या मसुद्यात कुठंच नव्हतं! त्यामुळं हा परिच्छेद मी कधीच गाळत नाही.

जमेच्या बाजूत नुसतं 'चांगलं काम' लिहू नका. पान सांगा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून, त्याची गोळी वळून काहील उतरवायची वेळ ठरवणाऱ्या गुळव्यांच्या मुलाखती त्यानं परिशिष्टात टाकल्या होत्या. त्या चौथ्या प्रकरणात आणायला सांगितलं. सांगितलं नसतं, तर पानं कमी करताना पहिली कात्री तिथंच लागली असती.

मोठी त्रुटी नमुन्याची होती. ९० गुऱ्हाळं, सगळी करवीर आणि पन्हाळ्यातली, तीही ओळखीतून गाठलेली. जिल्ह्यात तालुके १२. तरी टी-चाचणी लावून निष्कर्ष अख्ख्या जिल्ह्याचा काढलेला. इथं 'नमुना अपुरा' एवढंच लिहिलं, तर तो आणखी तीस फॉर्म भरून आणणार, आणि १२० झाले तरी निवड ओळखीचीच राहणार. म्हणून दोन वाटा लिहिल्या. एक, सगळ्या गुऱ्हाळांची यादी करून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करायची आणि हंगामात पुन्हा फिरायचं. दुसरी, चाचणी काढून टाकायची आणि दावा या ९० गुऱ्हाळांपुरता ठेवायचा. मात्र शीर्षकात 'जिल्हा' असल्यामुळं बदलाला संशोधन समितीची मान्यता लागेल. मला दुसरी पटते, हेही स्पष्ट लिहिलं. त्याची फेलोशिप चार महिन्यांत संपत होती आणि मुलाखतींचं बळ तसंही आकड्यांत नव्हतं. गाईडनं मत लपवलं की विद्यार्थी अंदाज बांधत बसतो.

शेवटी कामाचा क्रम दिला : आधी तिसरं प्रकरण, मग पाचवं-सहावं, आणि पहिलं सगळ्यात शेवटी. अर्ध्या पानात लेखी उत्तरही मागितलं. त्यानं दुसरी वाट मान्य केली, पण चौथं प्रकरण क्रमात कुठंच नाही, हे दाखवून दिलं. मीच विसरलो होतो.