हायब्रिड म्हणजे नेमके कोणते वार?

“मॅडम, पुण्यातल्या कंपनीची ऑफर आलीय. मुलाखतीत ‘हायब्रिड’ म्हणाले होते, पण पत्रात फक्त ‘कामाचं ठिकाण : पुणे’ एवढंच आहे. बाबांचं डायलिसिस साताऱ्यात मंगळवारी आणि शुक्रवारी असतं, आणि न्यायला-आणायला मीच आहे. आता घरून कामाचं विचारलं तर ऑफर काढून घेतील का?”

नम्रपणे तपशील विचारला म्हणून ऑफर गेल्याचं माझ्याकडे आलेल्या लोकांत मी पाहिलेलं नाही. ऑफर स्वीकारून, जुन्या नोकरीचा राजीनामा देऊन, रुजू व्हायच्या आठवड्यात नवी अट सांगितली की मात्र गोष्टी बिघडतात. म्हणून मी तिला आधी विचारलं, “राजीनामा दिलात का?” दिला नव्हता, आणि ऑफर स्वीकारायला अजून चार दिवस हातात होते. विचारायची वेळ हीच होती.

तिने एक मेल लिहून आणली होती. तिच्यात वडिलांचा आजार, दवाखाना, भावाची परदेशातली नोकरी असं सगळं सविस्तर होतं आणि शेवटी “कृपया शक्य तितकी सवलत द्यावी” अशी विनंती. मी ती बाजूला ठेवायला सांगितली. ‘सवलत’ म्हटलं की एचआरकडून “हो हो, आम्ही फ्लेक्सिबल आहोत” एवढंच उत्तर येतं, आणि त्यातून काहीच हाती लागत नाही. तिची खरी अडचण आठवड्यातून किती दिवस ऑफिसला जायचं ही नव्हतीच. तीन दिवस जायला ती तयार होती. मंगळवार आणि शुक्रवार मोकळे मिळतात का, एवढाच प्रश्न होता.

मग आम्ही नवी मेल लिहिली. ऑफरबद्दल आभार, रुजू व्हायची इच्छा स्पष्ट, आणि खाली चार प्रश्न. ऑफिसचे दिवस आठवड्याला मोजतात की महिन्याला? वार कोण ठरवतं, कंपनी, टीम की आपण स्वतः? सुरुवातीचं प्रशिक्षण किंवा प्रोबेशन पूर्ण ऑफिसमधून आहे का? आणि प्रोजेक्ट क्लायंटच्या राखीव जागेतून, म्हणजे ओडीसीतून, करावा लागेल का? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. ओडीसीत क्लायंटचे सुरक्षेचे नियम चालतात, आणि तिथे घरून काम करायला बंदी असेल तर कंपनीचं हायब्रिड धोरण कितीही उदार असो, उपयोग होत नाही. कारण म्हणून एकच वाक्य ठेवलं : “घरातल्या वैद्यकीय जबाबदारीमुळे मंगळवार आणि शुक्रवार मला साताऱ्यात असणं गरजेचं आहे.” आजाराचं नाव सांगायची गरज नव्हती.

तिची भरती एका कन्सल्टन्सीमार्फत झाली होती. तिथल्या माणसाने फोनवरच सांगून टाकलं, “काही प्रॉब्लेम नाही, जॉइन व्हा.” त्याचं कमिशन तिच्या रुजू होण्यावर असल्याने या शब्दावर मी तिला विसंबू दिलं नाही. मेल कंपनीच्या एचआरलाच गेली, आणि होणाऱ्या मॅनेजरशी दहा मिनिटं बोलायची विनंतीही त्यातच केली. धोरण एचआर सांगते, पण टीम प्रत्यक्षात कशी चालते ते मॅनेजरलाच माहीत असतं.

फरक लगेच दिसला. एचआरने कळवलं : आठवड्याला तीन दिवस, वार टीम ठरवते, ओडीसी नाही, पहिला महिना मात्र रोज ऑफिस. मॅनेजरने सांगितलं, टीम मंगळवार, बुधवार, गुरुवार येते. म्हणजे ती गप्प राहिली असती तर दर मंगळवारी अडकली असती. तिने मंगळवारऐवजी सोमवारी येण्याचा प्रस्ताव ठेवला आणि डायलिसिसच्या चार तासांत आपण लॅपटॉपवर असू असं वचन दिलं नाही; त्या दिवशी सकाळी लवकर आणि संध्याकाळी काम करेन, असं स्पष्ट सांगितलं. मॅनेजर तयार झाला, मंगळवारची टीम मीटिंग ती दुपारनंतर फोनवरून करेल या बोलीवर. पहिल्या महिन्यात मात्र सूट मिळाली नाही. त्या आठ-नऊ खेपांसाठी तिने मावसभावाला तयार केलं.

फोन संपल्यावर तिने तासाभरात ठरलेलं सगळं मेलमध्ये लिहून दोघांना पाठवलं : “आपलं असं बोलणं झालं, काही चुकलं असल्यास कळवावं.” दुसऱ्या दिवशी एचआरचं “बरोबर आहे” आलं. मग तिने ऑफर स्वीकारली आणि त्यानंतरच राजीनामा दिला.

पत्रातलं “कंपनी गरजेनुसार ठिकाण व वेळा बदलू शकते” हे कलम तसंच राहिलं. ते एका उमेदवारासाठी बदलत नाहीत. त्यामुळे ही मेल कायमची हमी नाही, हे मी तिला सांगितलं. मॅनेजर किंवा प्रोजेक्ट बदलला तर त्याच आठवड्यात नव्या मॅनेजरला ती दाखवून पुन्हा बोलावं लागेल. तिची प्रत तिने स्वतःच्या मेलमध्ये जपून ठेवली आहे.