दीड वर्षाच्या मुलासाठी कप, वाडगे आणि आकारांचा डबा

प्रश्न: मुलगा दीड वर्षाचा आहे. रचायचे कप, एकात एक बसणारे वाडगे आणि आकार टाकायचा डबा, यांतून तो नेमकं काय शिकेल? तिन्ही घ्यावेत का?

उत्तर: एकच घ्यायचं तर कप घ्या. मी पाळणाघर चालवते आणि या वयाची मुलं कपांशी सगळ्यात जास्त रमताना बघते. उपडे ठेवले की मनोरा होतो, सुलटे ठेवले की एकात एक जातात.

मनोऱ्यात खरी कसरत असते ती हात सोडण्याची. बोटं अलगद उघडावी लागतात. घाईने हात ओढला की वरचा कप त्याच्याबरोबर येतो. या वयात दोन ते चार कप रचले तरी छान.

एकात एक घालताना मात्र डोकं लागतं. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया ग्रीनफिल्ड आणि सहकाऱ्यांनी 1972 मध्ये याच खेळाचा अभ्यास केला. मुलं आधी फक्त एक कप दुसऱ्यात टाकतात. पुढे एकाच मोठ्या कपात बाकीचे एकेक करून टाकत जातात. दीड वर्षाची बरीच मुलं इथे असतात. दोन कपांची जोडी उचलून ती तिसऱ्यात घालणं तीन वर्षांच्या आसपास जमतं.

समजा, त्याने मोठ्या कपात आधी छोटाच टाकला. आता मधला आत जाईना, छोट्याच्या काठावर अडून वर राहिला. तो आधी जोर लावेल, कप आपटेल. तेव्हा आपण हात घालायचा नाही. कधीतरी तो छोटा बाहेर काढतो, मधला घालतो, मग छोटा. चूक कपच दाखवतो आणि शिकणं होतं ते याच क्षणी. सुरुवातीला सगळा संच देऊ नका. पहिला, तिसरा आणि पाचवा असे तीनच द्या, म्हणजे फरक डोळ्यांना दिसतो. कपाच्या तळाला भोकं आहेत ना तेही बघा. नसतील तर कप नाका-तोंडावर घट्ट चिकटून बसू शकतो.

वाडगे उथळ आणि पसरट, त्यामुळे घालणं-काढणं सोपं. कप असतील तर वेगळे घेऊ नका.

आकारांचा डबा घ्या, पण घाई नको. गोल कसाही धरला तरी आत जातो. चौकोन मात्र फिरवून कोपरे जुळवावे लागतात, आणि भोकापाशी नेण्याआधीच तो तसा फिरवून धरणं बहुतेकांना दोन वर्षांच्या आसपास जमू लागतं. म्हणून आधी झाकण काढून ठोकळे नुसते टाकू-काढू द्या. मग झाकण लावून गोल सोडून बाकी भोकं चिकटपट्टीने झाका. गोल सहज जायला लागला की चौकोन उघडा. चौकोन अडल्यावर तो नुसता दाबत राहिला तर पट्टी परत लावा. मनगट वळवून बघू लागला तर पुढचं भोक, त्रिकोणाचं, उघडायला हरकत नाही.