बजेट वाढवून मागणारी ईमेल

प्रश्न : एजन्सीत आठ महिने ज्युनिअर आहे. सर्च जाहिरातींवर एका क्लायंटचं महिन्याचं बजेट ६० हजार आहे. तीन महिन्यांत चौकशा १०० वरून ११२ आणि आता १२५ झाल्या. बजेट वाढवून मागणारी ईमेल मलाच लिहायची आहे. क्लिक, इम्प्रेशन सगळं दिलंय, तरी सिनिअर म्हणतात मुद्दा दिसत नाही. काय चुकतंय?

उत्तर : तुमच्या आकड्यांतून एवढंच कळतं की आहे त्या पैशात काम छान चाललंय. मग क्लायंट जास्त पैसे कशाला देईल? जाहिराती पैशांअभावी थांबतायत, हे आधी दाखवा.

गूगल अ‍ॅड्समध्ये Search lost IS (budget) हा कॉलम लावा. बजेट कमी पडल्यामुळे किती टक्के वेळा जाहिरात दिसली नाही, ते त्यात कळतं. शेजारी Search lost IS (rank) लावा. हा दुसरा आकडा मोठा असेल तर अडचण बिडची किंवा जाहिरातीच्या दर्जाची आहे. तेव्हा ही ईमेल पाठवूच नका.

बजेट खरंच कमी पडत असेल तर हिशेबाकडे या. समजा महिन्याला १५ हजार वाढवून मागायचे आहेत. एका चौकशीचा खर्च आता ४८० पडतो. त्या भावाने १५ हजारांत ३१ चौकशा मिळतील असं लिहायचा मोह होईल. तो टाळा, कारण वाढीव चौकशा सहसा महाग पडतात. त्यांचा भाव ६५० धरला तर साधारण २३ मिळतील, एकूण १४८, आणि सरासरी ५०७ वर जाईल. सरासरी वाढणार हे आधीच कळवा, नाहीतर पुढच्या महिन्यात तोच आकडा तुमच्या अंगावर येईल.

ईमेल साधारण अशी :

विषय : १ तारखेपासून बजेट ६० ऐवजी ७५ हजार, मंजुरीसाठी

नमस्कार,
तीन महिन्यांत एका चौकशीचा खर्च ६०० वरून ४८० वर आला. मात्र गेल्या महिन्यात बजेट अपुरं पडल्याने सुमारे ३० टक्के वेळा आपली जाहिरात दिसलीच नाही. १५ हजार वाढवल्यास अंदाजे २३ चौकशा जास्त येतील. त्या थोड्या महाग पडतील, सरासरी ५०७ पर्यंत जाईल. एका वाढीव चौकशीचा खर्च ८०० च्या वर गेला तर पुढच्या महिन्यापासून पुन्हा ६० हजारांवर येऊ. २५ तारखेपर्यंत होकार कळवावा. एवढ्या चौकशांना तुमची टीम वेळेत फोन करू शकेल का, तेही सांगा.

यातले ३० टक्के नमुन्यादाखल आहेत, तिथे तुमच्या कॉलममधला आकडा टाका. ८०० ची मर्यादाही मनाने ठरवू नका. एका ग्राहकामागे क्लायंटला काय सुटतं आणि किती चौकशांतून एक ग्राहक होतो, ते विचारून ठरवा.

महिनाअखेरीस फक्त सरासरी पाहू नका. समजा १४० चौकशा आल्या. सरासरी ५३६ दिसेल, ठीकच वाटेल. पण वाढीव १५ हजारांत १५च चौकशा आल्या, म्हणजे एक हजाराला पडली. मर्यादा ओलांडली गेली. ते तुम्हीच आधी कळवा आणि बजेट खाली आणा. हा हिशेब महिना संपल्यावर आठवड्याने करा, कारण काही चौकशा क्लिकनंतर बऱ्याच दिवसांनी नोंदल्या जातात.