‘आत्ती एक्सपायर झाली’ : मॅनेजरना रजेचा मेसेज

प्रश्न : परवा सासूबाई गेल्या. मी घाईत सरांना टाकलं, ‘सर आत्ती एक्सपायर झाली, सुतक आहे, १० दिवस येत नाही.’ त्यांचा रिप्लाय आला, ‘ओके, कोणाच्या आत्या?’ घरात सगळे म्हणाले मेसेज लय रुक्ष झाला. असं नीट मराठीत कसं कळवायचं असतं? ‘देवाज्ञा झाली’ लिहायचं का ‘दुःखद निधन’?

ताई, वाईट वाटलं वाचून. पण सरांच्या रिप्लायवर रागावू नका, त्यांनी विचारलं ते बरोबरच विचारलंय. आपल्या कोल्हापूर भागात सासूला आत्तीच म्हणतात, कारण मामाची पोरगी करायची पद्धत, म्हणजे सून म्हणून आलेली मुलगी मूळची भाचीच, ती लहानपणापासून जिला आत्ती म्हणत आली तीच सासू झाली, आणि मग भाची नसलेल्या सुनासुद्धा तेच म्हणायला लागल्या. शेजारच्या कन्नडमध्ये पण ‘अत्ते’ म्हणजे आत्या आणि सासू दोन्ही. सासऱ्यांना मामा म्हणायचं ते पण ह्यातलंच. पुण्यामुंबईकडच्या माणसाला मात्र आत्ती म्हणजे फक्त वडिलांची बहीण. आता एरवी ह्यानं काही बिघडत नाही, पण खाजगी कंपन्यांत दुखवट्याची रजा कुणासाठी आणि किती दिवस हे ज्याच्या त्याच्या नियमावर असतं, आणि बऱ्याच ठिकाणी सासू-सासरे त्यात बसतात पण आत्या-मामा बसत नाहीत, मग ती रजा तुमच्या किरकोळ रजेतनं कापली जाते. म्हणजे एका शब्दानं तुमचे दिवस जाऊ शकतात. म्हणून घरात काय हाक मारता ते बाजूला ठेवायचं आणि कागदावरचं नातं लिहायचं, ‘माझ्या सासूबाई’. वडिलांना आबा, तात्या, अण्णा म्हणणाऱ्यांनी पण हे ध्यानात ठेवावं, ‘आबा गेले’ म्हटल्यावर आजोबा का वडील का गल्लीतले कोण म्हातारबाबा हे समोरच्याला कसं कळणार.

आता क्रियापदाचं. ‘एक्सपायर’मध्ये चूक अशी काही नाही, इंग्रजीत माणसासाठी पण वापरतात, पण आपल्या डोळ्यापुढं पहिल्यांदा औषधाच्या पाकिटावरची तारीख येते आणि तिथंच तो शब्द कोरडा पडतो. ‘ऑफ झाले’ तर लिहूच नका, ते कट्ट्यावर ठीक. तुमच्या मेसेजमध्ये खरं टोचतंय ते ‘झाली’. सासूबाई एकेरीत गेल्या. ‘वारल्या’ लिहिलं असतं तर चाललं असतं, तो चांगला सभ्य शब्द आहे, पण त्यात दरवेळी एकेरी का अनेकवचनी हे ठरवावं लागतं. सासूबाई वारल्या, वडील वारले इथपर्यंत ठीक, पण आईला आपण अगं म्हणतो, मग ‘आई वारली’ साहेबाला लिहिताना उघडं वाटतं आणि ‘आई वारल्या’ म्हटलं की परक्याची आई वाटते. ‘निधन झालं’ ह्यात ही अडचणच येत नाही, कारण झालं ते निधन, क्रियापद त्याच्या मागनं नपुंसकलिंगी एकवचनात जातं, गेलेलं माणूस कोणी का असेना. आईचं निधन झालं, आजोबांचं निधन झालं, सासूबाईंचं निधन झालं.

मग आदर कुठं राहिला म्हणाल तर तो एका टिंबात राहिला. ‘सासूबाईचं’ नाही, ‘सासूबाईंचं’. मोबाईलवर टाईप करताना हे टिंब हमखास पडतं. माझे चुलते गेले तेव्हा मी ऑफिसात ‘चुलत्याचे निधन झाले’ असं पाठवून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी रडून झाल्यावर मेसेज बघितला तर चुलते एकेरी झालेले, चुलत्यांचे पाहिजे होतं. कुणी बोललं नाही, पण मला अजून खटकतं. तेवढं एक अक्षर पाठवायच्या आधी बघून घ्या, बाकी ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर अशा वेळी कोण बघत नाही.

‘देवाज्ञा झाली’ हा पत्रिकेतला आणि पेपरातल्या जाहिरातीतला शब्द. वाईट नाही, पण साहेबाच्या मेसेजमध्ये जरा सोहळ्याचा वाटतो. आणि वापरलाच तर ‘सासूबाईंना देवाज्ञा झाली’ असं, आज्ञा कुणाला तरी होते. लोक ‘सासूबाईंचे देवाज्ञा झाली’ लिहितात, ते अर्धं निधनाचं वाक्य आणि अर्धं देवाज्ञेचं. लिंगायत घरात ‘लिंगैक्य’ म्हणतात, मुस्लिम घरातल्या बातमीत ‘पैगंबरवासी’ असतं, ते त्या त्या घराचे शब्द. ‘निधन’ सगळ्यांना चालतं. ‘दुःखद’ मात्र मी तरी काढून टाकीन, ते विशेषण दुसऱ्यानं लावायचं, आपल्याच घरातलं माणूस गेल्यावर ते दुःखद आहे हे साहेबाला काय सांगायचं.

सुतकाचं थोडं गमतीचं आहे. संस्कृतात सूतक मुळात जन्माशी बांधलेलं, प्रसूतीतलंच ते ‘सू’. मराठीत जन्माचं ते सोयर आणि मरणाचं ते सुतक अशी वाटणी झाली, त्यातनंच ‘मला त्याचं सोयरसुतक नाही’ आलं. पण मेसेजमध्ये ‘सुतक आहे’ लिहून साहेबाला कळत नाही की तुम्ही कधी येणार, कारण कुणी १० दिवस पाळतं, कुणी तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं की कामाला लागतं, आणि तसलं काही न पाळणारी घरं पण आहेत. ‘मातीला जायचंय’ हे पण आपल्याकडचंच, दहन असलं तरी आपण मातीच म्हणतो, बाहेरच्याला ते चटकन कळत नाही, ‘अंत्यविधी’ लिहा. आणि दिवस मोजून नका देऊ, तारखा द्या. १० दिवस म्हणजे रविवार धरून का सोडून, हा प्रश्न मग तुम्हाला त्या गडबडीत फोनवर सोडवत बसावा लागतो.

आणि ‘येत नाही’. ते ऐकायला भांडल्यासारखं लागतं. दुसऱ्या टोकाला ‘कृपया रजा मिळावी ही नम्र विनंती’ हे शाळेच्या अर्जातलं. रजा हा शब्द अरबीतनं आलेला, मूळ अर्थ संमती, त्यामुळं मागणं त्या शब्दातच आहे, वर आणखी हात जोडायला नकोत. ‘रजेवर असेन’ म्हणा, त्यात कळवणं पण आहे आणि अदब पण आहे.

माझ्या हातनं लिहायचं तर असं लिहीन :

‘नमस्कार सर. माझ्या सासूबाईंचं काल रात्री निधन झालं. आज सकाळी १० वाजता अंत्यविधी आहे. सोमवार १२ ते शनिवार १७ मी रजेवर असेन, सोमवारी १९ तारखेला कामावर येते. बिलांची फाईल प्राचीकडे दिली आहे. काही तातडीचं असेल तर मेसेज करा, सवडीनं उत्तर देईन.’

बास. आजार काय होता, किती वाजता गेल्या, शेवटी कोण जवळ होतं, हे लिहायचं नाही, विचारलं तर फोनवर सांगा. ‘तसदीबद्दल क्षमस्व’ पण नको, कसली तसदी आलीय. पुढं उत्तरकार्याला एखादा दिवस जास्त लागला तर तेव्हा वेगळा मेसेज, ‘सासूबाईंचं उत्तरकार्य २० तारखेला आहे, त्या दिवशी पण रजेवर असेन’ एवढाच.

तुमचा मेसेज तर गेलाय आता. सरांना एक ओळ टाका, ‘सर, माझ्या सासूबाई. घरी आम्ही त्यांना आत्ती म्हणतो.’