हाउसफुल्लचा आकडा रेषेत घालू नका

प्रश्न: आमच्या हौशी संस्थेचं नाटक आहे, हॉल १२० खुर्च्यांचा. १०० रुपये तिकीट होतं तेव्हा हाउसफुल्ल, १५० केलं तेव्हा १०५ प्रेक्षक. दोन बिंदूंतून रेषा काढली, वर्गसमीकरण मांडलं, तर जास्तीत जास्त उत्पन्न २५० रुपयांना येतंय. पुढच्या प्रयोगाची तिकिटं २५० ची छापू का?

छापू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी थांबा.

तुमचं गणित बरोबर आहे, मी करून पाहिलं. किंमत p, प्रेक्षक N आणि उत्पन्न R धरलं तर:

```
N = 150 - 0.3p
R = p(150 - 0.3p)
```

५०० रुपयांना एकही माणूस येत नाही, त्याच्या निम्म्यावर म्हणजे २५० ला शिखर, ७५ प्रेक्षक, १८,७५० रुपये. सूत्र कुठून आलं ते सांगत बसत नाही, तुम्हाला येतंय. घोळ सूत्रात नाही, तुमच्या पहिल्या बिंदूत आहे. तो १२० चा आकडा मागणीचा नाही, खुर्च्यांचा आहे. १०० रुपयांना किती जणांना नाटक बघायचं होतं हे तुम्हाला माहीतच नाही. किती जण आत मावले एवढंच माहीत आहे.

हे इतक्या ठामपणे सांगतोय कारण हीच माती मी खाल्ली आहे. मी गणिताचा मास्तर नाही, आमच्या ग्रुपचा खजिनदार होतो. आमचा हॉल १५० चा. पहिला प्रयोग १०० रुपये, हाउसफुल्ल, पाटी लावून फोटोबिटो. दुसरा २०० रुपये, १२० माणसं. मी वहीत रेषा काढली: शंभर रुपये वाढवले तर फक्त तीस माणसं कमी! शिखर आलं ३०० ला, ९० प्रेक्षक, २७,००० रुपये. कमिटीसमोर आलेख काढून दाखवला, सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्या प्रयोगाला आले बावीस जण. ६,६०० रुपये. हॉलचं भाडंसुद्धा सुटलं नाही आणि नेपथ्यवाल्याचे पैसे चार जणांनी खिशातून भरले.

त्या रात्री टेम्पोत सामान चढवताना बुकिंगच्या खिडकीवर बसणारे काका सहज म्हणाले, "शंभर रुपये होतं तेव्हा साठ-सत्तर माणसं परत गेली की! मी खिडकी बंद केली तरी उभी होती." मी तिथेच पायरीवर बसलो. सत्तर धरा. म्हणजे १०० ला मागणी २२० ची, २०० ला १२० ची. रुपयामागे एक माणूस कमी होत होता आणि मी ०.३ धरून बसलो होतो. खरी रेषा ३२० − p. तिच्यात ३०० घाला, वीस माणसं येतात. आमची बावीस आली. गणित चोख होतं, मीच त्याला खोटा आकडा खायला घातला होता.

खऱ्या रेषेचं शिखर १६० ला होतं, पण तिथे १६० माणसं आली असती आणि खुर्च्या १५०. म्हणून १५० माणसं बरोब्बर बसतील ती किंमत घ्यायची, म्हणजे १७०. उत्पन्न २५,५००. शिखर हॉलच्या बाहेर पडलं की किंमत वर सरकते, हेही तेव्हाच कळलं. (नाट्यगृहाच्या कार्यालयात जाऊन विचारलं होतं, आधीच्या प्रयोगांना किती लोक परत जातात याची काही नोंद? "आमच्याकडे फक्त भाड्याची पावती असते." बरं. निदान खिडकीसमोरची रांग दिसते ना तुम्हाला? असो, त्या विषयावर मी बोलायला लागलो की थांबत नाही.)

आता तुमच्याकडे येऊ. १५० ला १०५ हा बिंदू खरा आहे, कारण खुर्च्या रिकाम्या राहिल्या. पहिल्या प्रयोगाला एकही माणूस परत गेला नसेल तरच शिखर २५० ला आहे. दहा जण परत गेले असतील तर १०० ची मागणी १३०, उतार ०.५ आणि शिखर १८०. वीस जण परत गेले असतील तर उतार ०.७ आणि शिखर बरोब्बर १५०, म्हणजे तुम्ही आत्ताच शिखरावर उभे आहात आणि किंमत वाढवली की खाली उतराल! वीस माणसं म्हणजे किती, दोन-तीन कुटुंबं आणि एक कॉलेजचा कंपू. तेव्हा आधी तिकिटावर कोण बसलं होतं त्याला गाठा आणि विचारा. फोनवर "अजून मिळतील का" म्हणणारेही मोजा.

काहीच कळलं नाही, तर माझं मत १८० चं. उतार ०.५ असेल तर १६,२०० मिळतील. ०.७ असेल तर १५,१२०, म्हणजे आत्ताच्या १५,७५० पेक्षा सहाशेतीस रुपये कमी, तेवढं सोसेल. २५० ला मात्र तोच ०.७ चा उतार ३५ माणसं आणि ८,७५० रुपये दाखवतो. शिखराजवळ हा वक्र चांगलाच सपाट असतो. किंमत शिखरापासून दहा टक्के चुकली तर उत्पन्न एकच टक्का घटतं, वीस टक्के चुकली तर चार टक्के. त्यामुळे १७५ की १८० यावर कमिटीत रात्री जागवू नका (१७५ ला सुट्ट्यांची कटकट, म्हणून मी १८० म्हणतोय). मोठी उडी मारली तरच हात पोळतात, आणि १०० ते १५० च्या पट्ट्यात काढलेली रेषा २५० पर्यंत सरळच राहील याची हमी कोण देणार?

एक जोडसल्ला, चुकीचा वाटला तर सोडून द्या. मध्यंतराचा चहा-वडा तिकिटात धरणार असाल आणि तो माणशी २० रुपयांना पडत असेल, तर तिकीट २० ने नाही, १० ने वाढवायचं. हातात जास्तीत जास्त तेव्हाच उरतं. ऑनलाइन विक्रीवाले टक्क्यांत कमिशन कापतात त्याने मात्र शिखर जागचं हलत नाही, फक्त बुटकं होतं. आमच्याकडे यावरून भांडणं झाली होती, म्हणून सांगितलं.

आणि हे सगळं तुमचे दोन्ही प्रयोग रविवारचे होते असं धरून. एक रविवारचा आणि एक मंगळवारचा असेल तर ती एक रेषाच नाही, दोन वेगळ्या रेषांवरचा एकेक बिंदू आहे.

छापण्याआधी तुमच्याच रेषेला एक प्रश्न विचारून बघा. ती म्हणते फुकट ठेवलं तरी १५० च माणसं येतील. शंभर रुपये मोजून हॉल भरणाऱ्या तुमच्या गावात, फुकट नाटकाला फक्त तीस जण जास्त?